दारापासून मागे मागे

सहा बाय सहा घरांचा पट. तिसऱ्या ओळीत डावीकडे दोन घरांची लाल गाडी आणि त्याच ओळीच्या उजव्या टोकाला दार. बाकीच्या गाड्या हलवून लाल गाडी त्या दारातून बाहेर काढायची. गाड्या फक्त आपल्याच दिशेत पुढेमागे सरकतात. हे एक कोडं दोन संध्याकाळी माझ्याकडून सुटत नव्हतं. मी मोकळी दिसेल ती गाडी सरकवायचो आणि फिरून त्याच कोंडीत यायचो.

तिसऱ्या दिवशी मी पटाला हात न लावता दारापासून मागे विचार केला. लाल गाडीला कोण अडवतंय? चौथ्या स्तंभात पहिल्या तीन ओळींत उभा असलेला पिवळा ट्रक, फक्त तोच. ट्रक तीन घरांचा आणि तिसऱ्या ओळीच्या वर दोनच घरं, म्हणजे तो वर मावणार नाही. त्याला पार तळाशी, चौथ्या ते सहाव्या ओळीत जावंच लागणार. ही एक गोष्ट पक्की झाली आणि बाकीचं तिच्यातून उलगडत गेलं.

तळाच्या ओळीत चौथ्या-पाचव्या घरात निळी गाडी आडवी होती. तिच्या डावीकडे, दुसऱ्या-तिसऱ्या घरात पांढरी. पांढरी पार कडेला गेली तरी निळीला डावीकडे एकच घर मिळतं आणि तिचं एक टोक चौथ्या स्तंभातच राहतं. म्हणून निळी उजवीकडेच जायला हवी. तिथे सहाव्या स्तंभात तळाची दोन घरं अडवून हिरवी उभी. हिरवी एक घर वर जायला हवी; दोन घरं गेली तर तीच दार अडवेल. तिच्या डोक्यावर, चौथ्या ओळीत शेवटच्या दोन घरांत जांभळी आडवी.

माझी चूक इथेच होत होती. जांभळी एक घर डावीकडे सरकवली की हिरवी मोकळी होते, म्हणून मी तिथेच थांबायचो. पण मग जांभळी ट्रकच्या वाटेत येते, आणि हिरवी वर गेल्यावर तिला परतताही येत नाही. तिच्याकडून दोन मागण्या होत्या: सहावा स्तंभ सोड आणि चौथाही सोड. दोन्ही पुऱ्या करायच्या तर तिने चौथ्याच्या पलीकडे, दुसऱ्या-तिसऱ्या घरात जायला हवं. तिथे तिसऱ्या स्तंभात, चौथ्या-पाचव्या ओळीत नारिंगी उभी. वर दुसरी ओळ गच्च भरलेली, तेव्हा नारिंगीला खालीच जायचं होतं, आणि खाली पांढरी. पांढरीच्या डावीकडे मात्र एक घर रिकामं होतं! साखळी तिथे संपली.

मग तीच साखळी उलट्या क्रमाने चालवली. पांढरी एक घर डावीकडे, नारिंगी एक घर खाली, जांभळी तीन घरं डावीकडे, हिरवी एक घर वर, निळी एक घर उजवीकडे, ट्रक तीन घरं खाली. सातव्या खेळीत लाल गाडी बाहेर.

पुढच्या एका कोड्यात मात्र साखळी फिरून पहिल्याच गाडीवर आली. तिथे ती गाडी आधी तात्पुरती बाजूला नेऊन नंतर परत आणावी लागली. तेव्हापासून मी प्रत्येक गाडीसमोर कागदावर दोन जागा लिहितो: शेवटी ती कुठे हवी, आणि मधल्या वेळात कुठे चालेल.