श्रीलंका दौरा, जुलै-ऑगस्ट २०२४: 'कॅन्डीतली मॅच' कॅन्डीत नसते

वेळापत्रकात शहराचं नाव लिहिलेलं असतं, मैदानाचं अंतर नाही. भारताच्या २०२४च्या श्रीलंका दौऱ्यात तिन्ही टी-ट्वेंटी सामने कॅन्डीला म्हणून जाहीर झाले होते. प्रत्यक्षात मैदान पल्लेकेलेला, शहराच्या पूर्वेला बारा-पंधरा किलोमीटरवर आहे. चौघांनी तलावाकाठच्या खोल्या घ्यायच्या आणि संध्याकाळी मैदानावर जाऊन यायचं, हा बेत कागदावर उत्तम दिसतो. मॅचच्या दिवशी तो पार कोसळतो. पुढे कोणी याच धर्तीवर जाणार असेल, तर बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, हा रस्ता मात्र समजून घ्या.

कॅन्डीतून पल्लेकेलेकडे महियांगणाचा रस्ता जातो. वाटेत तेन्नेकुंबुरा इथे महावेली नदी ओलांडावी लागते. शहरातून येणारी बस, खासगी गाडी, रिक्षा, सगळं त्या पुलाच्या तोंडाशी येऊन साठतं. पुलापलीकडे कुंडसाले, मग बालगोल्ला, आणि तिथे मैदान. नकाशा एरवी अर्धा-पाऊण तास दाखवतो. मॅचच्या दिवशी दुपारी चारनंतर निघालात तर त्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. सामने संध्याकाळी सातला सुरू होत होते, म्हणजे प्रेक्षकांची गर्दी आणि शहरातून घरी परतणारी माणसं एकाच वेळी त्या पुलावर. २७ आणि २८ जुलै हे शनिवार-रविवार होते, म्हणून दोन दिवस निभावलं. ३० जुलैला मंगळवार होता. ज्यांनी रविवारचा अंदाज धरून मंगळवारी घर सोडलं, त्यांची पहिली काही षटकं रस्त्यावर गेली. कामाच्या दिवशी साडेतीनला निघा, त्यानंतर नको.

परतीचं दुखणं वेगळंच आहे. मॅच संपली की हजारो माणसं एकाच रस्त्यावर येतात आणि मोबाइलचं नेटवर्क बसतं. पिकमी हे तिथलं गाडी बोलवायचं अॅप दिवसा कॅन्डीत उत्तम चालतं. रात्री मैदानाबाहेर ते नुसतं फिरत राहतं, गाडी सापडत नाही. मग फाटकाबाहेर उभ्या रिक्षा उरतात, आणि तिथे अॅपच्या भाड्याच्या तिप्पट-चौपट दर सांगितला जातो. घासाघीस करायला तुमच्या हातात काही नसतं, कारण मागे आणखी पन्नास जण उभे असतात. चौघे असाल तर एका रिक्षात मावत नाही, दोन लागतात, म्हणजे फटका दुप्पट.

तिसरा सामना याचं नेमकं उदाहरण आहे. दोन्ही संघ १३७ धावांवर थांबले, सुपर ओव्हर झाली. अशा वेळी कोणी आधी उठत नाही, सगळे एकदम बाहेर पडतात. दुसऱ्या सामन्यात पावसामुळे भारताला आठ षटकांत ७८ धावांचं सुधारित लक्ष्य मिळालं होतं. तिथेही सुटण्याची वेळ आधी सांगणं कोणालाच शक्य नव्हतं. 'अमुक वाजता घ्यायला या' असं ठरवलेली गाडी म्हणूनच फसते. वेळ ठरवू नका, थांबण्याचा दर ठरवा. दुपारी ज्या रिक्षाने किंवा व्हॅनने जाल, तीच मॅच संपेपर्यंत थांबेल, जाण्या-येण्याचे आणि थांबण्याचे एकूण इतके पैसे, आणि निम्मे परतल्यावर, असं आधी स्पष्ट बोला. गाडी मैदानाच्या फाटकाशी नको. कॅन्डीच्या दिशेला किलोमीटरभर पुढे, गर्दीच्या पलीकडे एखाद्या ओळखीच्या खुणेपाशी उभी करायला सांगा आणि तिथवर चालत जा. चालकाचा नंबर आणि गाडीचा नंबर कागदावर लिहून ठेवा, कारण फोन लागेलच याचा भरवसा नाही.

यापेक्षाही चांगला उपाय म्हणजे मुक्कामच पुलापलीकडे करणं. कुंडसाले किंवा दिगनाच्या बाजूला घरगुती गेस्टहाउस मिळतात. दिगना मैदानाच्या आणखी पुढे आहे, त्यामुळे रात्री तुमची गाडी गर्दीच्या उलट दिशेला जाते. संध्याकाळी जेवायला, हिंडायला फारसं काही नाही, ही उणीव आहे. पण तीन मॅचसाठी चार रात्री तिथेच काढाव्यात, असं माझं ठाम मत आहे. कॅन्डी शहर मोकळ्या दिवशी सकाळी पाहून येता येतं, तेव्हा पूल रिकामा असतो. मालिका ऑगस्टमधल्या एसला पेराहेराच्या मिरवणुकांच्या दिवसांत आली, तर शहरात खोली मिळणंही मुश्कील होतं आणि रस्ते बंद असतात. तेव्हा तर तिथे राहायचा विचारच नको.

मैदानात गवताच्या उतारावरची तिकिटं स्वस्त असतात. पाऊस पडून गेल्यावर तिथे बसायला जागा नसते, चिखल असतो. आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी पाऊस येणारच असं धरून चला: पोंचो, प्रत्येकी एक मोठी प्लास्टिकची चादर, आणि पाय ओले झाले तरी चालतील अशा चपला. छत्री उघडली की मागचे ओरडतात, आणि ते बरोबरच आहेत. पैसे थोडे जास्त घालवून छताखालची जागा घेतली तर तीन रात्रींत त्याची वसुली होते.

आता मोकळ्या दिवसांचा हिशेब. सामने २७, २८ आणि ३० जुलैला पल्लेकेलेत, मग २, ४ आणि ७ ऑगस्टला कोलंबोत एकदिवसीय. म्हणजे मोकळे २९ जुलै, मग ३१ जुलै व १ ऑगस्ट, मग ३ ऑगस्ट, मग ५ व ६. हे दिवस सगळे सारखे दिसतात, पण सारखे नाहीत. मॅच रात्री उशिरा संपते, झोपायला एक वाजतो. म्हणून सलग दोन मॅचनंतरचा २९ तारखेचा दिवस प्रत्यक्षात अर्धाच आहे, कारण तो सकाळी दहाला सुरू होतो. त्या दिवशी सिगिरियाच्या कातळावरच्या किल्ल्याला जाऊन यायचा मोह अनेकांना होतो. कॅन्डीपासून सिगिरिया सुमारे नव्वद किलोमीटर आहे, एका बाजूला अडीच-तीन तास. दहाला निघालात तर भर दुपारच्या उन्हात कातळ चढाल आणि संध्याकाळी गाडीत झोपाल. करू नका. २९ला कॅन्डीतलं बुद्धाच्या दाताचं मंदिर, दळद मालिगावा, पाहा. गुडघे आणि खांदे झाकणारे कपडे हवेत, चपला बाहेर ठेवाव्या लागतात. सायंकाळची पूजा साडेसहाच्या सुमाराला असते. नाहीतर दिगनाच्या बाजूचं व्हिक्टोरिया धरण पाहा. १२२ मीटर उंचीची कमान आहे आणि गर्दी अजिबात नाही.

डोंगरातल्या एल्ला गावाचा प्रश्न मात्र सगळ्यांच्या डोक्यात असतो, त्या निळ्या रेल्वेमुळे. कॅन्डी ते एल्ला गाडीला साडेसहा-सात तास लागतात, बऱ्याचदा अधिक. एल्लाहून कोलंबो रेल्वेने नऊ तासांच्या वर. ३१ जुलैला एल्लाला जायचं आणि १ ऑगस्टला कोलंबोला यायचं, म्हणजे दोन दिवसांत सोळा तास रेल्वेत आणि एल्लात एक संध्याकाळ. त्यातही आरक्षित तिकिटं साधारण महिनाभर आधी खुली होतात आणि लगेच संपतात. आरक्षण नसेल तर दारात उभं राहून सात तास. एवढ्या अंतराच्या मालिकेत एल्ला बसत नाही, बेतातून काढून टाका. मालिका संपल्यावर चार दिवस वेगळे असतील तर जरूर जा.

तीच दोन दिवसांची फट सिगिरियासाठी अचूक बसते. ३१ला उशिरा उठा, दुपारी कॅन्डी सोडा, वाटेत दंबुल्लाची लेणी पाहा, सिगिरियाजवळ मुक्काम करा. १ तारखेला सकाळी दार उघडताच तिकीट काढा. सुमारे बाराशे पायऱ्या आहेत. वरचा शेवटचा टप्पा दगडी सिंहाच्या पंजांमधून लोखंडी जिन्याने जातो. तिथे सकाळी आठनंतर रांग एका जागी थांबते आणि सावली नसते. तुमच्या पायांत ताकद आहे हे गृहीत धरतो, पण पाणी प्रत्येकी दीड लिटर घ्या, वर काही मिळत नाही. परदेशी पर्यटकांचं तिकीट डॉलरमध्ये मोजलं जातं आणि महाग आहे. सार्क देशांच्या नागरिकांना सवलतीचा दर मिळतो, मात्र मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. फोनमधल्या फोटोवर भरवसा ठेवू नका, आणि खिडकीवर स्वतः विचारा, आपणहून कोणी सांगत नाही. दहापर्यंत खाली उतरलात तर कुरुनेगलामार्गे कोलंबो चार-साडेचार तासांत येतं. सामान गाडीतच ठेवलेलं असावं, म्हणून ही दोन दिवसांची गाडी चालकासह एकाच सौद्यात ठरवा.

कोलंबोत त्रास कमी. प्रेमदासा मैदान केत्तारामा भागात दाट वस्तीत आहे, पण शहरातच आहे. मॅच अडीचला सुरू होते, म्हणून जाताना अडचण नाही. परतताना गल्ल्यांत उभं न राहता बेसलाइन रोडपर्यंत चालत जा, तिथे अॅपवर गाडी मिळते. दुपारी ऊन आणि दमट हवा दोन्ही सहन करावे लागतात. पश्चिमेकडच्या स्टँडवर सावली लवकर येते, जागा निवडताना तेवढं पाहा.

इथेही सुटण्याची वेळ धरता येत नाही. पहिला सामना २३०-२३० असा बरोबरीत सुटला, तो शेवटपर्यंत बसवून ठेवणारा होता. ७ ऑगस्टला मात्र भारत २६.१ षटकांत १३८वर गुंडाळला गेला आणि प्रेक्षक अंदाजापेक्षा तास-दीड तास आधी रस्त्यावर आले. साडेदहाला गाडी सांगून ठेवलेले तोवर गल्लीत उभे होते. त्या खेळपट्टीवर फिरकीने भारताचे तीन सामन्यांत २७ गडी घेतले. चेंडू हातभर वळताना पाहायचा असेल तर साइटस्क्रीनच्या रेषेतली जागा घ्या. बाजूच्या जागेवरून वळण कळत नाही.

५ आणि ६ ऑगस्टला गॉल. कोलंबो फोर्टहून किनाऱ्याकाठच्या रेल्वेने अडीच तासांत जाता येतं, समुद्र उजवीकडे. किल्ल्याच्या तटावरून क्रिकेटचं मैदान पूर्ण दिसतं. २०१० साली मुरलीधरनने आठशेवा कसोटी बळी तिथेच, भारताविरुद्ध घेतला. छान झाले ते दोन दिवस. फक्त या महिन्यांत नैऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे त्या किनाऱ्यावरचा समुद्र खवळलेला असतो. पोहायला उतरू नका, आणि समुद्रासाठी म्हणून महागडी खोली घेऊ नका. ६ला संध्याकाळपर्यंत कोलंबोत परत या. ७ला सकाळची गाडी धरली आणि ती उशिरा निघाली, तर अडीचची सुरुवात चुकते.