अकरा वेळा ‘एक मिनिट’

आमच्या लातूर जिल्ह्यात येळवस म्हणजे वेळा अमावस्या हा घरातल्या बाईचा रात्रभर जागायचा सण. भज्जीसाठी तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे दाणे सोलायचे, बाजरीचे उंडे करायचे, आंबील घुसळायची आणि सकाळी सगळं घेऊन शेतात जायचं. मी औसा तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. येळवसेचे व्हिडिओ मी चार वर्षं इन्स्टाग्रामवर टाकत होते. पुण्या-मुंबईला गेलेली आमच्याकडची माणसं वाट बघायची, आणि ते मला आवडायचं, हे आधीच सांगते.

गेल्या येळवसेच्या रात्री मी त्या दिवसाचे तुकडे जोडायला बसले. कडब्याची खोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, मामा, म्हणजे माझे सासरे, ‘ओलगे ओलगे’ म्हणत पिकावर आंबील शिंपडतायत. चित्र छान होतं. मागून येणारा आवाज मात्र माझा होता. मामा म्हणतात, “हा लोटा धर गं.” मी म्हणते, “एक मिनिट.” आत्याबाई, माझ्या सासूबाई, म्हणतात, “उंडे झाकले का?” मी, “एक मिनिट.” एका तुकड्यात मामा पुन्हा हाक मारतात, मग स्वतःच लोटा बांधावर ठेवतात आणि वाकून हात पुसतात. मी सगळे तुकडे पुन्हा ऐकले. ‘एक मिनिट’ अकरा वेळा. त्यातलं एकही मिनिट मी परत दिलेलं नव्हतं. दिवसभर मी तिथंच होते, तरी बांधाच्या कोपऱ्यावर मामा नेमकं काय म्हणाले ते मला व्हिडिओतूनच कळलं.

तो व्हिडिओ मी टाकला नाही.

फोनच्या सेटिंगमध्ये Digital Wellbeing नावाचं पान असतं. तिथं दिवसात फोन किती वेळा उघडला ते दिसतं. माझा आकडा चौऱ्याण्णव होता. मला वाटलं होतं, आपला वेळ रात्री पडल्या पडल्या जातो. पण रात्रीचा एक तास एका जागी तरी होता. बाकीचा वेळ वीस-वीस सेकंदांचा होता: चहाला आधण येईपर्यंत, प्रार्थनेच्या रांगा लागेपर्यंत, कुणी बोलता बोलता श्वास घेईपर्यंत. आधी मी ॲपला अर्ध्या तासाची मर्यादा लावून पाहिली. वेळ संपला की चित्र करडं होतं आणि ॲप उघडत नाही. पण मर्यादा वाढवायचं बटणही माझ्याच हातात. चौथ्या दिवशी मर्यादा दीड तासावर गेली होती. स्वतःच्या घराला कुलूप लावून किल्ली कमरेला ठेवल्यासारखं.

मग ठरवलं, इन्स्टाग्राम आणि फेसबुक दोन्ही बंद. व्हॉट्सॲप ठेवायचं, कारण शाळेची निम्मी परिपत्रकं तिथंच येतात. बंद करायचं काम दहा मिनिटांचं निघालं. त्याआधी चार ओळी लिहायला मला नऊ दिवस लागले.

न सांगता गेलं तर लोकांना वाटतं, हिनं आपल्याला काढून टाकलं. म्हणून निरोप लिहायचा. पहिला असा झाला: “या आभासी जगाला रामराम. आपण सगळेच मोबाईलमध्ये हरवलोय. आता खऱ्या माणसांत परततेय.” मला तो फार आवडला होता. पुण्याला असलेल्या नणंदेला फोनवर वाचून दाखवला. ती थोडं थांबून म्हणाली, “वैनी, मग मी खोटी माणूस का? आपलं शेत मी तुझ्या व्हिडिओतच बघते.”

तिनं एका वाक्यात माझे दोन शब्द पकडले होते. ‘खरं’ म्हटलं की समोरचं आपोआप खोटं ठरतं. आणि ‘आपण’ तर त्याहून वाईट. मराठीत ‘आपण’ म्हटलं की नम्रपणा दाखवता दाखवता ऐकणाऱ्यालाही ओढून आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करता येतं. हरवले होते मी. नणंद नव्हती हरवली; ती रोज दोन मिनिटं शेत बघून कामाला जात होती.

दुसरा निरोप मी उलट्या बाजूनं लिहिला: “माझंच मन कमकुवत. तुम्ही सगळे किती छान सांभाळता, मला नाही जमलं.” हा शाळेतल्या मैत्रिणीला दाखवला. तिची जाऊ येसर आणि काळा मसाला इन्स्टाग्रामवर विकते, तिच्या ऑर्डरी ही सांभाळते. ती म्हणाली, “हे टोमण्यासारखं लागतंय बाई. सासूनं ‘आम्ही आपले अडाणी’ म्हणावं तसं.” बरोबर होतं. स्वतःला जास्त खाली घातलं की वाचणाऱ्याला समजूत घालावी लागते, नाहीतर अपराधी वाटून घ्यावं लागतं. दोन्ही कामं त्याच्या गळ्यात कशाला?

तिसऱ्यांदा मी चिडून सगळंच काढून टाकलं आणि स्टेटसला ठेवलं: “काही वैयक्तिक कारणास्तव मी सोशल मीडियावरून रजा घेत आहे.” रजेचा अर्ज लिहायची सवय, दुसरं काय. तीन तासांत सतरा फोन आले. मावशीला वाटलं, मला काही आजार निघाला. एका पालकानं बदली झाली का विचारलं. चुलत जावेनं तर आमच्या ह्यांना वेगळं गाठून विचारलं, “घरी सगळं बरं हाय ना?” स्टेटस काढून टाकलं. कारण सांगितलं नाही की गाव स्वतः कारण शोधतं, आणि गावाची कारणं आपल्यापेक्षा भारी असतात.

चौथ्या वेळी मी प्रत्येक वाक्याचा कर्ता तपासला. ‘आपण’, ‘लोक’, ‘हल्ली’, ‘आजकाल’ यांपैकी काही आलं की ते वाक्य बाद. कारण एकच ठेवायचं, आणि तेही दिसेल असं. वाचणाऱ्याला व्यवहाराचं जे लागतं ते सांगायचं: मी बरी आहे का, आणि भेटेन कुठं. कधी परतणार ते लिहिलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. हे राहिलं:

“नमस्कार. रविवारी रात्रीपासून माझं इन्स्टाग्राम आणि फेसबुक बंद राहील. यंदाच्या येळवसेचे व्हिडिओ बघताना माझ्याच आवाजात ‘एक मिनिट’ अकरा वेळा ऐकू आलं. ती मिनिटं घरच्यांची होती, ती त्यांना द्यायची आहेत. तब्येत चांगली आहे, घरी सगळं ठीक आहे. ज्यांना आमचं शेत बघायचं असेल त्यांनी कळवा, महिन्यातून एकदा मी स्वतः फोटो पाठवीन. इतकी वर्षं तुमचं लिहिणं, तुमच्या लेकरांचे फोटो आवडीनं बघितले. त्याचे आभार.”

शेवटची दोन वाक्यं मैत्रिणीनं घालायला लावली. ती म्हणाली, जेवून उठताना ताटाला नाव ठेवू नये. यावेळी फोन आले नाहीत. नऊ जणांनी शेताचे फोटो मागितले आणि एका जुन्या विद्यार्थ्यानं नुसतं “बरं मॅडम” लिहिलं.

निरोप चार दिवस राहू दिला, कारण सगळे रोज बघत नाहीत. तेवढ्यात Accounts Centre मधून माझ्या फोटो-व्हिडिओंची प्रत मागवली. ती तयार झाली की उतरवून घ्यायला चारच दिवस मिळतात, म्हणून सवडीनं बघू म्हणून चालत नाही. तिथंच Deactivation or deletion आहे. पहिल्यानं खातं झाकलं जातं: फोटो, कमेंट कुणाला दिसत नाहीत, पण सगळं जागेवर राहतं. दुसऱ्यानं ते पुसायला टाकलं जातं आणि मन बदलायला तीस दिवस मिळतात. मी झाकून ठेवलं. पुसायचं धाडस नव्हतं, आणि ते दाखवायची मला गरजही वाटली नाही. फेसबुक झाकलं तरी मेसेंजर चालू राहू शकतं, ते वेगळं बघावं लागतं.

चौथ्याच दिवशी फजिती झाली. नणंदेच्या मुलाच्या बारशाचा एक जुना फोटो हवा होता. उतरवलेल्या प्रतीत शोधायचा कंटाळा आला, म्हणून इन्स्टाग्रामवर आत गेले. आत जाणं म्हणजेच खातं पुन्हा उघडणं, हे वाचलेलं होतं पण डोक्यात नव्हतं. लगेच झाकायला गेले तर होईना. आठवड्यातून एकदाच झाकता येतं. दोन दिवसांनी बाजारात शेजारीण भेटली. “आलात का वैनी परत? बरं झालं!” मी हसले. उरलेले दिवस ॲप फोनमधून काढून ठेवलं आणि मुदत संपल्यावर पुन्हा झाकलं.

अंगठ्याला मात्र काही कळवलेलं नव्हतं. जिथं ते चित्र असायचं तिथं तो जाऊन टेकायचा आणि हवामानाचं ॲप उघडायचं. साधारण महिनाभर मला औशाचं तापमान फार अचूक माहीत होतं.

खरी चूक तिसऱ्या आठवड्यात कळली. ओळखीच्या एका बाईंचे वडील गेले. बातमी त्यांनी स्टेटसला ठेवली होती, आणि मी स्टेटस बघणंही सोडलं होतं. निरोपात ते लिहायचंच राहिलं होतं. पाचव्या दिवशी भाजीवालीकडून कळलं. भेटायला गेले तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, पण बोलायला सुरुवात कुठून करावी ते मलाच सुचेना. आमच्याकडं दुःखात माणूस पोचलं नाही तर ते वर्षानुवर्षं लक्षात राहतं. घरी येऊन व्हॉट्सॲपच्या About मध्ये लिहिलं: “स्टेटस बघत नाही. बरं-वाईट काहीही असो, फोन करा.” तिथं थोडीच अक्षरं मावतात, ते एका अर्थी बरंच आहे. हे वाक्य निरोपात पहिल्या दिवसापासून हवं होतं. त्यानंतर दोन फोन आले, एक वास्तुशांतीचा आणि एक तेराव्याचा.

मला वाटलं होतं, आता मामा खूप काही सांगतील. शेताच्या जुन्या गोष्टी, दुष्काळ, विहिरी. मामा तसे बोलत नाहीत. अंगणात बसून सुपारी कातरतात आणि मधेच म्हणतात, “तुरीला औंदा शेंग बरी हाय.” मी म्हणते, “हं.” वीस मिनिटांत एवढंच. पहिल्या आठवड्यात मला ते जड गेलं. आता मीही सोबत हरभरा निवडते.

एक बदल मात्र झाला. आत्याबाईंना नातवानं मोबाईलवर कीर्तन लावायला शिकवलं. संध्याकाळी मी चहा घेऊन उभी राहते. त्या हात वर करून म्हणतात, “थांब गं, एक मिनिट.”

मी थांबते. कीर्तनकार रंगात आलेला असतो.