आमची वाटचाल: सर्टिफिकेट नवं, साइट बंद

2016 साली जळगावात रिंग रोडच्या आतल्या बाजूला एका खोलीत आम्ही तिघांनी कामाला सुरुवात केली, तेव्हा पाटीवर 'वेबसाइट व सॉफ्टवेअर' एवढंच होतं. पहिली कामं रावेर-सावद्याच्या केळी व्यापाऱ्यांची आली. रोजचा भाव, गाडी भरल्याची नोंद, शेतकऱ्याचा हिशोब. या साइटांना कुलुपाचं चिन्ह असावं असं कोणाला वाटत नव्हतं, आम्हालाही नाही. जुलै 2018 मध्ये क्रोमने साध्या http साइटसमोर 'नॉट सिक्युअर' दाखवायला सुरुवात केली आणि आठवड्याभरात फोन सुरू झाले, "आपली साइट सेफ नाही म्हणतंय, काय भानगड आहे?"

कुलूप दिसायला सर्टिफिकेट लागतं, म्हणजे साइट खरोखर त्याच डोमेनची आहे याचा मुदतीचा डिजिटल दाखला. तोवर ज्या दोन-तीन साइटांना गरज होती त्यांच्यासाठी आम्ही ते विकत घ्यायचो. एका एक्सेल शीटमध्ये मुदतीच्या तारखा होत्या आणि आठवण करून देणारा मेल ज्या पत्त्यावर यायचा, तो मुलगा पुण्याला नोकरीला निघून गेला होता. पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. त्यानंतर आम्ही सगळं लेट्स एनक्रिप्टवर नेलं. तिथलं सर्टिफिकेट फुकट मिळतं, मुदत 90 दिवसांची असते आणि मागणं, देणं, बदलणं हे सगळं मशीनच मशीनशी बोलून करतं. सर्व्हरवर सर्टबॉट नावाचा प्रोग्राम बसवायचा. तो दिवसातून दोनदा उठून पाहतो, मुदत 30 दिवसांच्या आत आली असेल तर नवं मागतो. समोरून एक फाइल साइटवर ठेवायला सांगतात, 80 नंबरच्या पोर्टवरून ती वाचून बघतात, डोमेन तुमच्याच हातात आहे अशी खात्री पटली की सर्टिफिकेट देतात. एक्सेल शीट मी त्या दिवशी आनंदाने डिलीट केलं. आता वाटतं, जरा घाईच केली.

ज्या दिवसाबद्दल लिहायचं आहे तो 8 नोव्हेंबर 2023, बुधवार. शुक्रवारी धनतेरस होती. जळगावात धनतेरस म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून समजत नाही. आमचे एक गिऱ्हाईक सराफ आहेत. त्यांच्या साइटवर लोक आदल्या दिवसांत नाणी आणि दागिने बुक करतात आणि मुहूर्तावर दुकानात येऊन घेऊन जातात. सकाळी सव्वाआठला त्यांच्या मॅनेजरचा फोन आला. गृहस्थ मूळचे अमळनेरचे, घाबरले की अहिराणीवर येतात. "ताई, साइटवर काय लाल लाल दिखी राह्यनं?"

मी मोबाइलवर उघडून पाहिलं. NET::ERR_CERT_DATE_INVALID, म्हणजे सर्टिफिकेट तारखेत बसत नाही. 'तरीही पुढे जा' हा पर्यायसुद्धा दिसत नव्हता, कारण ही साइट फक्त https नेच उघडायची असं ब्राउझरला बजावून ठेवणारी एचएसटीएसची सोय आम्हीच चालू केली होती. ती नसती तर काही लोक तरी इशारा ओलांडून आत गेले असते. पण ज्या साइटवर पैसे घ्यायचे तिथे लोकांना इशारे ओलांडायची सवय लावू नये, म्हणून ते आजही तसंच ठेवलं आहे.

सर्व्हर बघणाऱ्या मुलाला फोन केला. त्याने लॉगिन करून `certbot certificates` ही कमांड चालवली आणि मला म्हणाला, "मॅडम, सर्टिफिकेट तर चांगलं आहे. VALID: 60 days दाखवतंय." म्हणजे सर्व्हर म्हणतोय साठ दिवस बाकी आहेत आणि मोबाइल म्हणतोय मुदत संपली. मी त्याला म्हटलं, मोबाइलची तारीख बघ. मग म्हटलं, ब्राउझरची कॅश साफ कर. अशा वेळी माणूस काहीही सुचवतो. त्याने आपल्या अकलेने `--force-renewal` देऊन सर्टिफिकेट पुन्हा काढलं. साइट लालच. परत काढलं. तिसऱ्यांदाही काढलं. ही मोठी चूक होती, कारण एकाच नावांच्या संचासाठी आठवड्यात पाचच सर्टिफिकेटं मिळतात. अजून दोनदा केलं असतं तर दार बंद झालं असतं आणि खरोखर गरज पडली असती तेव्हा हात बांधलेले राहिले असते.

साडेनऊच्या सुमारास मी त्याला थांबवलं. म्हटलं, सर्व्हरच्या आत काय आहे ते बघू नको, बाहेरून येणाऱ्याला काय मिळतं ते बघ. कमांड ही (डोमेनचं नाव बदललं आहे):

```
echo | openssl s_client -connect example.com:443 \
  -servername example.com 2>/dev/null \
  | openssl x509 -noout -enddate
```

उत्तर आलं `notAfter=Nov  8 02:11:36 2023 GMT`. ही वेळ ग्रीनिचची. साडेपाच तास मिळवा, सकाळचे 7 वाजून 41 मिनिटं झाली. डिस्कवर नवं सर्टिफिकेट पडून होतं आणि एनजिनेक्स, म्हणजे येणाऱ्याला साइट देणारा वेब सर्व्हर, दारात उभा राहून जुनंच दाखवत होता. एनजिनेक्स सर्टिफिकेटची फाइल सुरू होताना एकदा वाचतो आणि मेमरीत ठेवतो. नंतर फाइल बदलली तरी त्याला पत्ता नसतो, त्याला 'रीलोड' सांगावं लागतं. आम्ही `systemctl reload nginx` केलं. सेकंदभरात कुलूप दिसलं. दोन तासांचा खोळंबा एका ओळीचा होता.

मग असं का झालं? 10 ऑगस्टला ही साइट आम्ही नव्या क्लाउड सर्व्हरवर हलवली होती. जुन्या सर्व्हरवर सर्टिफिकेट `certbot --nginx` ने घेतलेलं होतं. त्या पद्धतीत सर्टबॉट एनजिनेक्सची कॉन्फिग फाइल स्वतः लिहितो आणि दर वेळी रीलोडही स्वतःच करतो. पण आमच्या कॉन्फिग फाइली गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये असतात, त्यात सर्टबॉटने लुडबुड केली की दर रिलीजला, म्हणजे नवे बदल सर्व्हरवर चढवताना, भांडण. म्हणून नव्या सर्व्हरवर `certonly --webroot` वापरलं. यात सर्टबॉट सर्टिफिकेट आणून ठेवतो आणि बाजूला होतो. रीलोडची जबाबदारी आपली. ते आम्ही सांगितलंच नव्हतं.

10 ऑगस्टला 90 दिवस मिळवले की 8 नोव्हेंबर. त्याच्या 30 दिवस आधी, 9 ऑक्टोबरला, सर्टबॉटने इमानदारीत नवं सर्टिफिकेट आणलं. आमची शेवटची रिलीज त्याच्या दोनच दिवस आधी, 7 ऑक्टोबरला झाली होती. पितृपक्ष चालू होता, दुकानात वर्दळ नव्हती, म्हणून उरलंसुरलं काम त्यातच उरकून घेतलं. आणि मग सराफ शेठजींनी सांगितलं, दिवाळी होईपर्यंत सर्व्हरला हात लावायचा नाही. मागणी रास्तच होती. आमच्या प्रत्येक रिलीजमध्ये शेवटी रीलोड होतो. एखादी किरकोळ दुरुस्ती जरी महिनाभरात चढवली असती तरी नवं सर्टिफिकेट आपोआप लागलं असतं आणि ही चूक आम्हाला कधी कळलीच नसती.

त्याच दुपारी बाकीचे सर्व्हर तपासले तेव्हा पोटात गोळा आला. आणखी 11 साइटा अशाच पद्धतीने चालू होत्या, काही दीड वर्षापासून. दर आठवड्याच्या रिलीजने त्यांना वाचवलं होतं. त्यातल्या दोघींकडे तर त्या क्षणीही डिस्कवर नवं आणि दारात जुनं अशीच अवस्था होती, मुदत संपायला तेवढी सवड होती इतकंच.

उपाय छोटा आहे. `/etc/letsencrypt/renewal-hooks/deploy/` या फोल्डरमध्ये एक स्क्रिप्ट ठेवायची, सर्टिफिकेट खरोखर बदललं की सर्टबॉट ती चालवतो:

```
#!/bin/sh
nginx -t && systemctl reload nginx
```

पहिली ओळ झाल्यावर आधी `nginx -t` आहे, कारण कॉन्फिगमध्ये चूक असेल तर ती नोंदीत स्पष्ट दिसावी. या स्क्रिप्टला `chmod +x` द्यायला विसरू नका. चालवण्याची परवानगी नसलेली फाइल सर्टबॉट सरळ सोडून देतो. आम्ही पहिल्या सर्व्हरवर नेमके तेच विसरलो होतो. आणखी एक फसगत `certbot renew --dry-run` ची. आम्ही ती दर महिन्याला चालवून निश्चिंत होत होतो. पण ही रंगीत तालीम फक्त सर्टिफिकेट मिळेल का ते बघते, ही डिप्लॉय स्क्रिप्ट एरवी चालवतच नाही. आमची तालीम त्या संपूर्ण महिन्यात हिरवीच होती. नव्या सर्टबॉटमध्ये सोबत `--run-deploy-hooks` दिलं तर स्क्रिप्टही चालते, आता तसंच करतो.

वर सांगितलेली बाहेरून तपासायची कमांड आम्ही रोज सकाळी सगळ्या साइटांवर चालवतो. आधी ती ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर लावली होती. एप्रिलमध्ये लाइट गेली, कॉम्प्युटर बंद पडला, तीन दिवस एकही इशारा आला नाही आणि आम्ही समजलो सगळं आलबेल आहे. आता ती दुसऱ्याच क्लाउडवर आहे आणि काही बिघडलेलं नसलं तरी सहा वाजता मेसेज येतो: एकूण साइटा किती, सगळ्यात कमी दिवस कोणाचे. नेहमी हा आकडा तिशीच्या आसपास घुटमळतो, कारण 30 ला नवं यायला हवं. 25 च्या खाली गेला की कुठेतरी अडकलंय, आणि आमच्या हातात अजून तीन आठवडे असतात. मेसेजच आला नाही तर मुलगा चहाच्या आधी तेच बघतो. लेट्स एनक्रिप्टचे मुदत संपत आल्याचे मेल जून 2025 मध्ये बंद झाले, तेव्हा आम्हाला काही जाणवलंही नाही.

शेठजींचं एका तिमाहीचं देखभालीचं बिल आम्ही सोडून दिलं. त्यांनी ते नको म्हटलं नाही. करारात आता एक ओळ जास्त आहे: 'हात लावायचा नाही' या काळातही सर्टिफिकेट बदलणं आणि वेब सर्व्हर रीलोड करणं चालूच राहील.

सगळं मात्र अजून आपोआप झालेलं नाही. आमची एक पतसंस्था आहे, तिथे सर्टिफिकेट नेटवर्कची राखण करणाऱ्या फायरवॉलच्या डब्यात बसतं आणि तो डबा स्वतःहून सर्टिफिकेट मागू शकत नाही. म्हणून आतापर्यंत दरवर्षी विकत घ्यायचं, कोटेशन द्यायचं, मासिक सभेत मंजुरी घ्यायची, मग मुलाने धुळ्याला जाऊन ते चढवायचं. ब्राउझरवाले आणि सर्टिफिकेट देणारे यांनी मिळून ठरवलेल्या वेळापत्रकाप्रमाणे विकतच्या सर्टिफिकेटचीही कमाल मुदत 398 दिवसांवरून 15 मार्च 2026 पासून 200 दिवस, 15 मार्च 2027 पासून 100 आणि 15 मार्च 2029 पासून 47 दिवस अशी कमी होत जाते. मी व्यवस्थापकांना कागदावर मांडून दाखवलं की 47 दिवसांत तुमची सभा एकदा, फार तर दोनदा होते. डब्याच्या पुढे आमचा एक एनजिनेक्स ठेवू द्या, सर्टिफिकेट तिथे आपोआप येईल. ते म्हणाले, "विषय पुढच्या सभेत घेऊ."