शून्य आहे, पण कुठे? टेन्सरपायी गेलेले माझे चार दिवस

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असाइनमेंटमध्ये एका ओळीचा प्रश्न होता: अबेलियन ग्रूप्समधला इंजेक्टिव मॅप Z/2 शी टेन्सर केल्यावर इंजेक्टिव राहत नाही, याचं उदाहरण द्या. या एका ओळीने माझे चार दिवस खाल्ले आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

गंमत म्हणजे पहिल्या दिवशी मी याच्या बरोबर उलट सिद्ध करून बसलो होतो. A हा B चा सबग्रूप घ्या. A⊗Z/2 मधला घटक म्हणजे a⊗m सारख्या पदांची बेरीज. तीच बेरीज B⊗Z/2 मध्ये शून्य झाली, तर ती आधीही शून्यच असणार, कारण लिहिलंय तर तेच! वही परत आली तेव्हा त्या ओळीखाली लाल शाईत दोनच शब्द होते: "शून्य कुठे?"

मला ते खवचट वाटलं. पण सगळी मेख तिथेच होती. A = 2Z, B = Z घ्या आणि 2⊗1 हे पद बघा. Z⊗Z/2 मध्ये 2 म्हणजे 2·1, म्हणून तो दोन पलीकडे सरकवता येतो:

2⊗1 = 1⊗2 = 1⊗0 = 0

2Z⊗Z/2 मध्ये मात्र हे पाऊल टाकताच येत नाही. 1⊗2 लिहायला डावीकडे 1 लागतो, आणि 1 हा 2Z मध्ये नाहीच. चिन्ह एकच, पण दोन ग्रूप्समध्ये ते दोन वेगळे घटक आहेत. एवढं लिहून मी वही पुन्हा दिली. तीही परत आली. "ही वाट बंद आहे हे मान्य. दुसऱ्या वाटेने शून्य होत नाही कशावरून?"

इथे मी खरा अडकलो, आणि दोन दिवस अडकलो. पाने भरभरून 2⊗1 ची रूपं बदलत बसलो, 6⊗1 करून पाहिलं, 4⊗1 काढलं. शून्य मिळालं नाही, पण 'मला मिळालं नाही' हा काही पुरावा नव्हे. शेवटी मेसमध्ये एका सीनियर ताईने जेवता जेवता सांगितलं, "अरे, आत शोधत बसू नकोस. बाहेर मॅप काढ." टेन्सरमधलं पद शून्य नाही हे दाखवायचं, तर एक बायलिनियर मॅप असा बांधायचा की त्या पदाची किंमत शून्य येणार नाही. पद शून्य असतं, तर कुठल्याही बायलिनियर मॅपखाली शून्यच आलं असतं.

मॅप हा घेतला: f(2a, m) = am, उत्तर Z/2 मध्ये. 2a दिला की a ठरतोच, त्यामुळे त्यात घोळ नाही. m च्या जागी m+2 घेतला तर उत्तरात 2a ची भर पडते, ती सम, म्हणून फरक पडत नाही. आणि f(2, 1) = 1. संपलं! हाच f पूर्ण Z वर वाढवायला जा: f(2,1) = 2f(1,1) = f(1,2) = 0 यायला हवं, आणि आपल्याकडे तर 1 आहे. म्हणजे तो वाढवताच येत नाही.

आता चिडचीड अशी की हे सगळं दोन ओळींत होतं, हे मला नंतर कळलं. M⊗Z/n म्हणजे M/nM. हे आधी लिहून ठेवा, मग हात घाला. आपला मॅप मग 2Z/4Z मधून Z/2Z कडे जातो. डावीकडे 2 शून्य नाही, उजवीकडे आहे. सर्वसाधारणपणे कर्नल (A∩nB)/nA येतो. म्हणजे A मधला असा घटक शोधायचा, ज्याला B मध्ये n ने भाग जातो पण A मध्ये जात नाही. असा एकही नसेल तर टेन्सरने काही बिघडत नाही. 3Z ⊂ Z घेऊन n = 2 ने बघा: तीनच्या पटीतला सम आकडा 6k, तो 2·3k, आणि 3k ही 3Z मध्येच आहे. म्हणून तिथे मॅप शाबूत राहतो. उलट Z ⊂ Q मध्ये Q मधल्या प्रत्येकाचा निम्मा Q मध्येच असतो, म्हणून Q⊗Z/2 शून्य, आणि Z/2 तिथे सबंध बुडतो.

माझा रूममेट यावर घाईने म्हणाला, "म्हणजे B/A मध्ये ऑर्डर 2 चा घटक असला की गेलं." नाही. Z/2 हा Z/4 मध्ये 1↦2 असा बसवला तर जातो. पण तोच Z/2⊕Z/2 मध्ये पहिल्या घरात बसवला तर राहतो, आणि दोन्हीकडे B/A हा Z/2 च आहे. उलट बाजू मात्र पक्की: B/A मध्ये असा घटक नसेल, तर Z/2 शी टेन्सर करताना धोका नाही.

तिसऱ्यांदा वही दिली, पहिल्याच ओळीत असं लिहून की सायक्लिक ग्रूपशी टेन्सर केल्यावर इंजेक्टिव मॅप बिघडू शकतो. सरांनी मॅप वाचला, मान हलवली आणि विचारलं, "Z/2 ऐवजी Z घेतला तर? तोही सायक्लिकच." या वेळी थांबावं लागलं नाही: A⊗Z म्हणजे A च, मॅप होता तसाच राहतो. सरांनी पेन उचललं आणि माझ्या पहिल्या ओळीत 'सायक्लिक'च्या आधी स्वतःच्या हाताने 'सांत' लिहिलं.