ब्लाउजखालची काळी खपली

चवथ होऊन आठवडा झाला असेल, आमच्या सत्तरीतल्या आरोग्य केंद्रात पन्नाशीच्या एक काकी आल्या, सहा दिवसांचा ताप, डोकं फुटतंय, अंग मोडून आलंय. एका खासगी दवाखान्यात तीन दिवस सेफ्ट्रियाक्सोनची इंजेक्शनं घेऊनही ताप 102 च्या खाली येत नव्हता. डेंग्यू निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह, प्लेटलेट 90 हजार, लिव्हरची एन्झाइम्स वाढलेली.

मी विचारलं, काकी, रानात कुठे गेला होतात का? गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान आणायला जावेबरोबर कमरेएवढ्या गवतातून गेल्या होत्या, तेव्हापासून ताप यायला साधारण दहा दिवस. हे ऐकल्यावर सिस्टरला बोलावून पडदा ओढला आणि काकीना नीट तपासलं. डाव्या काखेत गाठ लागली, दाबल्यावर दुखणारी, आणि त्याच बाजूला स्तनाखाली, ब्लाउजची कड जिथे घट्ट बसते तिथे, सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली, भोवती लालसर कडं. काकी म्हणाल्या, "तें कापडाचं घासलंय गे डॉक्टर, दुखत नाय काय नाय."

दुखत नाही म्हणूनच कोणी दाखवत नाही! गवतातल्या माइटची अळी, म्हणजे चिगर, इतकी बारीक की डोळ्याला जेमतेम दिसते, ती कपड्याच्या कडेशी, काखेत, जांघेत, कानामागे जाऊन चावते आणि चावलेलं कळतही नाही. आधीच्या दवाखान्यात साडीवरूनच स्टेथोस्कोप लावला होता, याचा मला राग येतो, खरंच येतो. या चाव्यातूनच स्क्रब टायफस होतो, आणि त्याचे जंतू आपल्या पेशींच्या आत राहतात, तिथे सेफ्ट्रियाक्सोन कितीही दिलं तरी चालत नाही.

स्क्रब टायफसच्या अँटिबॉडी शोधणाऱ्या आयजीएम एलायझा टेस्टसाठी रक्त मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं पण रिपोर्टची वाट बघत बसले नाही, डॉक्सीसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा लगेच सुरू केलं. उशीर झाला तर फुफ्फुसं, किडनी, मेंदूपर्यंत जातं हे. दुसऱ्या दिवशी रात्री ताप उतरला, काकी पेज मागायला लागल्या, पॉझिटिव्ह रिपोर्ट त्यानंतर आला.

माझ्या डोक्यातून जात नाही ती त्यांची जाऊ. तिलाही ताप होता, तिसराच दिवस, हीच टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून घरचे निवांत. पण अँटिबॉडी रक्तात दिसायला बहुतेकदा पाच-सात दिवस लागतात, त्याआधीच्या निगेटिव्हवर कसा विश्वास ठेवायचा? केसांखालपर्यंत शोधलं, खपली कुठेच नाही, आणि ती प्रत्येकाला येतेच असंही नाही. तरी गवताचा इतिहास आणि काकींची केस समोर होती म्हणून तिलाही डॉक्सी दिलं आणि आठव्या दिवशी परत रक्त पाठवलं. ते पॉझिटिव्ह आलं.