दारू उतरायला हवी होती, दादा मात्र आणखी गुंगत चालले होते

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी हळदीच्या रात्री दादा पायऱ्यांवरून मागे पडले. साडेआठची वेळ. डोक्यामागे टेंगूळ आलं, रक्त फारसं नाही. नऊला "काही नाही रे, लागलं नाही" म्हणून स्वतः चालत परसाकडे जाऊन आले. सव्वानऊला पहिली उलटी झाली आणि आम्ही गाडी काढली.

वाटेतल्या दवाखान्यात जे झालं त्याचा राग अजून गेलेला नाही. तोंडाला वास आला आणि सगळं तिथंच थांबलं. "कुडदान, मलगली बिडरी." प्यायलाय, झोपू दे. सलाईन लावलं, साखर तपासली, ती ठीक होती. मग बाकावर बसून राहिलो. दहाला दादांनी नाव सांगितलं, गाव सांगितलं. साडेदहाला नाव सांगितलं, पण आपण कुठं आहोत ते सांगता येईना. अकराला दुसरी उलटी. त्यानंतर हाक मारली तर नुसतं हुं. खांदा जोरात चिमटल्यावर डोळे उघडले. सिस्टर म्हणाल्या, सकाळी उतरेल.

मी ह्या वेळा पावतीच्या मागे लिहीत होतो, त्याचाच उपयोग झाला. तो कागद ड्युटीवरच्या डॉक्टरांपुढे धरला आणि म्हणालो, "सर, दारू असती तर तासातासाने माणूस सावरला असता. नऊला चालत होते, आता उठत नाहीत." त्यांनी बॅटरीने डोळे पाहिले. उजवी बाहुली डावीपेक्षा मोठी होती. लगेच बेळगावला पाठवायची चिठ्ठी मिळाली आणि १०८ ची गाडी आली.

बेळगावात सीटी स्कॅन काही मिनिटांत झाला. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्त साचलं होतं. त्याच रात्री ऑपरेशन झालं. दादा आज घरी आहेत.

एक गोष्ट मी वेळेवर सांगितलीच नाही. दादांना हृदयाला स्टेंट आहे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. असं असेल तर घरी बघत बसू नका, आणि दवाखान्यात पाय ठेवताच तेच आधी सांगा. रोज पिणाऱ्यांचा मेंदू थोडा आकसलेला असतो, त्यामुळे शिरा ताणलेल्या राहतात आणि साध्या पडण्यानेही फुटतात, असं ऑपरेशनच्या डॉक्टरांनी सांगितलं.

एकापेक्षा जास्त उलट्या, फिट, एक हात किंवा पाय ढिला पडणं, नाका-कानातून पाण्यासारखं गळणं, वाढत जाणारं डोकं दुखणं, यांपैकी एकही दिसलं तरी स्कॅन त्याच वेळी मागा, सकाळची वाट बघू नका. पडून दोन तास झाले तरी माणूस पूर्ण शुद्धीवर नसेल तरीही. घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय असं समजू नका, उठवून बघा. उलटी होत असेल तर मान न वळवता सगळं अंग एकदम कुशीवर करा. आम्ही घरून निघताना दादांना डोकेदुखीची गोळी देणार होतो, वहिनींनी हात धरला. कित्येक वेदनाशामकांनी रक्तस्राव वाढतो, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं.