कोटेशनच्या मेलला विषय काय द्यावा?

तुम्ही विचारलंत म्हणून: "दादा, कोटेशन पाठवतो, पण सेक्रेटरी मेल उघडतच नाहीत. सब्जेक्टमध्ये काय लिहू?"

विषयाची ओळ साइट पाहायला जाल तेव्हाच मिळवायची, मेल लिहायला बसल्यावर नाही. मी डोंबिवली-ठाणे पट्ट्यात सोसायट्यांची गच्ची वॉटरप्रूफिंगची कामं करतो, तेव्हा उदाहरण तिथलंच देतो.

गच्चीवर टेप लावताना सेक्रेटरी काय बोलतात ते ऐका. ते "टेरेस वॉटरप्रूफिंग ट्रीटमेंट" म्हणत नाहीत. ते म्हणतात, "बी विंगच्या गच्चीचं बघा, पाचव्या मजल्यावर गळतंय." हेच शब्द वहीत लिहून घ्या. निघताना एवढंच विचारा, "कमिटी कधी बसणार आहे?" समजा उत्तर आलं, रविवारी. झालं, विषय तयार आहे:

"बी विंग गच्ची गळती: कोटेशन, रविवारच्या मीटिंगसाठी"

याच्या जागी बहुतेक जण काय पाठवतात? "आपल्या विनंतीनुसार वॉटरप्रूफिंगच्या कामाचे दरपत्रक सादर", आणि पुढे स्वतःच्या फर्मचं नाव. सेक्रेटरी नोकरी करणारा माणूस. मेल बघतो तो लोकलमध्ये, फोनवर. उभ्या धरलेल्या फोनवर विषयाची साधारण पस्तीस-चाळीस अक्षरं दिसतात, बाकीची कापली जातात. म्हणजे त्याला दिसतं "आपल्या विनंतीनुसार वॉटरप्रूफिंगच्या…" आणि तसेच मेल आणखी दोन ठेकेदारांकडूनही आलेले असतात. फर्मचं नाव पाठवणाऱ्याच्या जागी दिसतंच, ते विषयात पुन्हा घालून जागा अडवू नका. गच्ची आणि गळती आधी, कोटेशन मग, दिवस शेवटी. शेवटचा शब्द कापला गेला तरी काम कशाचं ते कळतंच.

तारीख मात्र खरी हवी. "अर्जंट" लिहू नका, आणि आधी बोलणं झालेलं नसताना "रि:" लावून जुन्या मेलचं उत्तर असल्याचा भास तर मुळीच करू नका. ते एकदा लक्षात आलं की तुमच्या कोटेशनमधल्या मापांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. आपल्या धंद्यात खऱ्या तारखेला तोटा नाही. मुंबईत मान्सून साधारण 11 जूनला येतो. विटांचा कोबा घालायचा, तो पक्का होऊ द्यायचा, मग दोन-तीन दिवस पाणी कोंडून चाचणी घ्यायची. म्हणून कमिटीचा निर्णय एप्रिलमध्ये झाला नाही तर काम पावसात सापडतं. मीटिंगचा दिवस ठरला नसेल तर विषयात "मेमध्ये काम सुरू करण्यासाठी" लिहा.

विषयात रक्कम घालू का, हेही विचारतात. माझं मत, नको. नुसता आकडा तीन कोटेशनांच्या रांगेत लावला जातो आणि कोणी काय काय धरलंय ते मागे पडतं. रक्कम मेलच्या पहिल्या ओळीत लिहा, पण कामाच्या मागून: "3,200 चौरस फूट, कोबा आणि कठड्यालगतच्या वाटा धरून, 18 टक्के जीएसटीसह एकूण 4,90,880 रुपये." "आदरणीय महोदय, आपणांस कळविण्यात आनंद होतो" यात ही ओळ वाया जाते. बऱ्याच फोनवर विषयाखाली मेलची सुरुवात दिसते, तिथे कामाचं माप दिसू दे.

मेल उघडला की नाही हे फोनवरून कळतं. "वाटा किती इंचांच्या धरल्यात?" असं विचारलं तर वाचलाय. "पाठवलंत का हो?" असं विचारलं तर इनबॉक्समध्ये बुडालाय. अशा वेळी पुन्हा मेल टाकू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर विषयाचे तेच शब्द पाठवा, म्हणजे "बी विंग गच्ची" शोधल्यावर सापडेल. त्यांच्याच तोंडचे शब्द घ्यायचे ते यासाठीही.

दर बदलला, की गोंधळ होतो तो इथे. कमिटी म्हणते, वाटा वगळा. आपण जुन्याच मेलला उत्तर देऊन नवी पीडीएफ जोडतो. मग एकाच साखळीत दोन कोटेशनं होतात आणि मीटिंगमध्ये कोणीतरी जुनं उघडतं. साध्या प्रश्नाला त्याच साखळीत उत्तर द्या, पण दर बदलला तर नवा मेल करा: "सुधारित कोटेशन: बी विंग गच्ची, वाटा वगळून". विषय वेगळा असला की जीमेल तो वेगळा दाखवतं. पहिल्या ओळीत "आधीचं कोटेशन रद्द समजावं" लिहा आणि पीडीएफच्या नावातही "सुधारित" आणि तारीख घाला, कारण खजिनदारांपर्यंत बहुतेक वेळा फक्त पीडीएफच पोचते.